बिल नंबर सत्तेचाळीस

सुकलाल पाटलांचे गुजराती मुलखातल्या गोडादऱ्यात बारा माग होते. बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळून आलेलं सूत व्यापाऱ्याचं, कापड विणून द्यायचं आणि मीटरमागे मजुरी घ्यायची, असा धंदा. शहाण्णव सालच्या ऑगस्टमध्ये त्यांनी भूपेंद्रभाई या व्यापाऱ्याला सोळा हजार मीटर कापड दिलं. बिल झालं अडतीस हजार चारशेचं. तीस दिवसांत पैसे द्यायचे ठरलं होतं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबरही गेला. सप्टेंबरच्या अखेरपासून सुकलाल दर मंगळवारी मार्केटमध्ये भूपेंद्रभाईंच्या पेढीत गादीवर जाऊन बसत. चहा यायचा, मग भूपेंद्रभाई हसून म्हणायचे, "काका, आवता मंगळवारे." पुढच्या मंगळवारी या, हे ऐकून सुकलाल उठून घरी येत. सहा मंगळवार असेच गेले. पगार थकल्याने दोन कारागीर इच्छापोरच्या कारखान्यात निघून गेले. राहिलेल्यांत जुना कारागीर लक्ष्मण होता, पण दिवाळीला गावी जायचं तिकीट त्याने काढलेलं होतं.

"सेठ, आठ तारखेला गाडी आहे," तो म्हणाला. "हातात काही पडलं तर पोरांना तोंड दाखवता येईल."

त्या दिवशी सुनेने विषय काढला. उज्ज्वला लिंबायतमध्ये वाढलेली, गुजराती शाळेत शिकून बी.कॉम. झालेली. सासऱ्यांना ती मामा म्हणे.

"मामा, आपण पत्र लिहू. रजिस्टर पोस्टाने."

"कागद धाडा म्हंजे नातं तुटनं, पोरी," सुकलाल म्हणाले.

"कारागीर तुटताहेत, ते?"

ती लिहायला बसली. तारीख घातली एक नोव्हेंबर. गुजरातीत लिहून तिने ते मामांना आपल्या बोलीत सांगितलं: 'आपले संबंध जुने आहेत, त्याबद्दल आभारी आहोत. तीन ऑगस्टच्या बिल नंबर सत्तेचाळीसची मुदत दोन सप्टेंबरला संपली. आज त्यावर साठ दिवस झाले. सोबत बिलाची व माल पोचल्याच्या सहीच्या चलनाची नक्कल जोडली आहे. मालाबद्दल काही तक्रार असल्यास लेखी कळवावी आणि वादात नसलेली रक्कम सात नोव्हेंबरपर्यंत द्यावी. हिशेब होईपर्यंत आम्हाला नवीन बीम मागावर चढवता येणार नाहीत. हे पत्र पोचण्याआधी पैसे पाठवले असल्यास दुर्लक्ष करावे.'

"बीमवालं वाक्य काढ," सुकलाल म्हणाले.

"ते काढलं तर उरतं काय? ते पुन्हा चहा पाजतील."

त्यांनी बराच वेळ कागद हातात धरला. मग चष्मा लावून सही केली.

पाच तारखेला सकाळी शेजारच्या पीसीओवाल्याने हाक मारली. भूपेंद्रभाईंचा निरोप होता, लगेच या.

गादीवर या वेळी चहा आला नाही. पत्र समोर पडलं होतं, मुनीम फाईल काढून उभा होता.

"रजिस्टर करायचं, काका? एक फोन करायचा," भूपेंद्रभाई म्हणाले.

"सहा वेळा आलो," सुकलाल म्हणाले. आवाज चढवायचीही ताकद त्यांच्यात नव्हती.

मुनिमाने खाली बघत सांगितलं, की तीन ताग्यांवर तेलाचे डाग होते. त्या कारणाने त्याने सगळंच बिल बाजूला ठेवलं होतं. सेठला विचारलं नव्हतं, काकांनाही कळवलं नव्हतं.

सुकलालांना लाज वाटली. सात नंबरचा माग तेल गळतो, हे त्यांना ठाऊक होतं. "डागांचे कापा," ते म्हणाले.

भूपेंद्रभाईंनी पत्रातल्या 'वादात नसलेली रक्कम' या ओळीवर बोट ठेवलं, एक हजार चारशे पन्नास कापले आणि छत्तीस हजार नऊशे पन्नासचा चेक लिहिला. चेक देताना म्हणाले, "पण दिवाळीनंतरचे बीम मी दुसरीकडे देतो. कागदाच्या धंद्यात मला मजा नाही."

"बरं," सुकलाल म्हणाले.

उज्ज्वलाने चेक त्याच दिवशी बँकेत भरला. आठ तारखेला दुपारी पैसे जमा झाले. लक्ष्मणने दोनदा मोजून रक्कम बनियनच्या खिशात ठेवली आणि स्टेशनकडे पळाला. सगळ्यांचे पगार झाल्यावर हाताशी चार हजार उरले.

"माझ्यामुळे काम गेलं, मामा," उज्ज्वला म्हणाली.

"काम गेलं. पगार झाला," सुकलाल म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. इतके दिवस त्यांना धड झोप नव्हती.

लाभपंचमीला दिवाळीनंतरचा बाजार उघडला, पण खरंच बीम आले नाहीत. माग आठ दिवस बंद राहिले. मग सुकलाल सुनेला घेऊन पर्वत पाटियाजवळच्या एका नव्या व्यापाऱ्याकडे गेले. दर ठरला. व्यापारी म्हणाला, पैसे साठ दिवसांनी. सुकलाल मान हलवणार होते, पण त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं.

"तीस," ती म्हणाली.

पाऊण तास गेला. शेवटी चाळीसवर जमलं. तिने ते कागदावर लिहून घेतलं. खाली व्यापाऱ्याने सही केली, मग सुकलालांनी.