आधी कास बघायची

वैदेहीला सोमवारपर्यंत दूध कंपनीला हो की नाही ते सांगायचं होतं. जुनी आणि नवी, दोन्ही नोकऱ्या तिच्या डोक्यात दोन बाजूंनी ओढाताण करत होत्या आणि मधे तिची चौदा महिन्यांची लेक, राजसी.

उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या डॉक्टर लखानींच्या क्लिनिकात ती सहा महिन्यांपासून पशुवैद्य होती. पगार चोवीस हजार. एसी, पांढरा कोट, कुत्र्यांचे डोस, मांजरींची नखं. कागदावर सुटी आठ वाजता, पण एखादं पिल्लू उलट्या करत आलं की सलाइन लावून कात्रपला घरी पोहोचेपर्यंत दहा. राजसी झोपलेली. जवळ घेतली तरी डोळे उघडत नाही.

दूध कंपनीची ऑफर बेचाळीस हजारांची, वर पेट्रोल. सकाळी सहाला निघायचं, दुपारी तीनला घरी. अवधूतचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, गणित तिथेच संपत होतं. "तीनला घरी म्हणजे पोरीला आई मिळते गं. त्यात पगार जवळजवळ दुप्पट. विचार कसला करतेस?"

"विचार करणारं कोणीतरी हवं ना घरात," ती म्हणाली.

कंपनीच्या मॅनेजरनं एकच अट घातली होती. आधी एक दिवस आनंदाबरोबर फिल्डवर या, मग बोलू. आनंदा गावोगाव फिरून गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचा. दहा वर्षं तेच काम. गेल्या तीन वर्षांत त्यानं चार डॉक्टर येताना आणि जाताना बघितले होते.

"मॅडम, एक विचारू?" बारवी धरणाच्या रस्त्याला बाइक लावता लावता तो म्हणाला. "तुमचा हात पुरतो का, खांद्यापर्यंत आत घालून?"

"गाय आतून किती खोल आहे त्यावर."

तो हसला. पहिल्या गोठ्यात तिनं दोन म्हशी तपासल्या. एक गाभण, एक रिकामी. रिकामीच्या मालकाचं तोंड पडलं. तिसऱ्या ठिकाणी दुधाची चाचणी केली. एका सडातल्या दुधात औषध टाकून ताटली हलवली तसं ते शेंबडासारखं घट्ट झालं. कासदाह, म्हणजे कासेला सूज. तिनं इंजेक्शन दिलं आणि औषधाचा असर जाईपर्यंत दूध डेअरीत घालू नका म्हणून बजावलं. मालकानं मान डोलावली. बाहेर आल्यावर आनंदा म्हणाला, "घालणार तो. उद्या डेअरीच्या मशीनवर पकडला की माझ्यावर ओरडेल."

खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे मोजे आनंदाच्या पिशवीत तीनच होते. दोन वापरून झाले. तिसरा रखमाबाईंच्या गोठ्यात चढवताना कोपरापाशी टर्रकन फाटला.

रखमाबाईंची गाय दावणीला उभी होती आणि मागे जार, म्हणजे व्याल्यावर पडणारी वार, लोंबत होता. आदल्या दिवशीपासून पडला नव्हता. वास सुटला होता.

"दुसरा मोजा नाही?"

"संपले. महिन्याला एक डबा देतात, पंधरा तारखेला संपतो." आनंदानं खांदे उडवले. "आधीचे सर तर मोजा घालायचेच नाहीत. म्हणायचे, हाताला कळत नाही."

रखमाबाई पदर खोचून बघत होत्या. शेजारच्या दोघीही. "बाईमाणूस हाय, घान वाटत असंल," त्यातली एक म्हणाली, ऐकू जाईल इतक्या हळू.

वैदेहीला घाण वाटत नव्हती. कॉलेजात तिनं पोत्यानं जार हाताळलेले होते. पण तो हळू आवाज कानात गेला आणि तिनं फाटका मोजा काढून ठेवला. साबण लावून उघडा हात आत घातला. जार ओढून काढायचा नसतो, गर्भाशयाला इजा होते. तिनं फक्त चाचपून पाहिलं, गोळ्या आत सोडल्या, इंजेक्शन दिलं. शेजारणी गेल्या. आनंदाच्या चेहऱ्यावर ती पास झाल्याचं लिहिलेलं होतं.

मग हात धुताना तिची नजर गाईच्या कासेकडे गेली.

कास भरलेली नव्हती. व्यायलेल्या गाईची कास ताणलेली असते. ही मऊ, लहान, अर्धवट.

"आजी, वासरू?"

"गेलं."

"किती महिन्यांचं होतं?"

रखमाबाईंनी शेणाची पाटी उचलली. "सातवा सरला होता."

"म्हणजे गाय गाभडली. आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर दूध बंद केलं आसतं ना तुम्ही. सगळ्या गोठ्याचं."

बोलण्यात खोट नव्हती. सांसर्गिक गर्भपाताचा संशय आला की कंपनी त्या गोठ्याचं दूध थांबवते. तो रोग जारातून, पाण्यातून माणसालाही होतो. महिनोन्महिने येणारा ताप, सांधे धरणं. वैदेहीनं आपला उजवा हात उलटा केला. मनगटावर राजसीच्या नखाचा ओरखडा होता, कालचाच, लालसर.

तिनं पुन्हा हात धुतला, जंतुनाशकानं, चामडी ओढली जाईपर्यंत. गाईच्या मानेतून रक्त काढलं. रखमाबाईंना सांगितलं, वासरू पुरलंय तिथे चुना टाका, जार पडला की तोही पुरा, हात लावू नका, आणि नातवंडांना कच्चं दूध अजिबात नको. "दूध उकळा. पूर्ण. मी परत येईन."

"येताय कशाला," रखमाबाई म्हणाल्या. "आधीचे कोनी परत आले नाहीत."

घरी तीनला पोहोचली. राजसी दारात धावत आली आणि वैदेही मागे सरली. अंघोळ करून येईपर्यंत पोरगी दाराला डोकं लावून रडत होती. संध्याकाळी अवधूतला सगळं सांगितलं.

"तू स्वतः डॉक्टर. मोजा नाही तर हात नाही, हे तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"तिथे उभा राहून बघ."

त्यानं राजसीला कडेवर घेतलं. मग म्हणाला, "लखानींकडेच राहा."

फिजिशियननं तिचं रक्त घेतलं. म्हणाले, बाळाला पाजणं चालू ठेवा, ताप आला तर त्याच दिवशी या. गाईची पहिली चाचणी निगेटिव्ह आली, पण गाभडल्यानंतर इतक्या लवकर ती चुकू शकते. तीन आठवड्यांनी पुन्हा करायची होती.

रविवारी लखानींचा फोन आला. "बेटा, अट्ठाईस कर देता हूँ. गाय-भैंस के पीछे कहाँ जाओगी? यहाँ सेफ है."

सेफ. वैदेहीला जूनमधला एक कुत्रा आठवला. लाळ गाळत होता. लखानी म्हणाले होते, "मालिक बोलता है टीका हुआ है, पकड़ो." तिनं पकडला होता. कुणी लसीचा कागद मागितला नव्हता, तिनंही नाही. तिच्या स्वतःच्या रेबीजच्या लसी तर कॉलेजातल्या, त्यानंतर कुणी विचारलंच नव्हतं. क्लिनिकात धोका नव्हता असं नाही. तिथे फक्त फरशी स्वच्छ होती.

सोमवारी तिनं मॅनेजरला फोन लावला. "येईन. पण मोजे माझ्या हातात द्या, महिन्याला लागतील तेवढे. वर्षातून दोनदा माझी आणि आनंदाची रक्ततपासणी. आणि गाभडलेली गाय कळवणाऱ्याचं दूध रिपोर्ट येईपर्यंत थांबवलंत तर त्याला त्या दिवसांचे पैसे द्या. नाहीतर कुणी सांगणारच नाही."

"मॅडम, अजून जॉइन नाही झालात."

"म्हणूनच आत्ता सांगते."

पलीकडे कागद हलले. मोजे आणि तपासणी ठीक, तो म्हणाला. दुधाच्या पैशांचं वर विचारतो, शब्द देत नाही. तिनं गाईचा दुसरा रिपोर्ट आल्यावर जॉइन होईन म्हटलं. तोवर लखानींकडेच जात राहिली, आणि रोज रात्री स्वतःचा ताप मोजत राहिली. अवधूत थर्मामीटर झटकून द्यायचा.

तीन आठवड्यांनी ती रखमाबाईंकडे रक्त घ्यायला गेली तेव्हा गाय चरत होती. चार दिवसांनी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. वैदेहीचं स्वतःचं रक्तही ठीक. त्या रात्री तिनं थर्मामीटर कपाटात टाकला.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आनंदा तिला त्याच गावात घेऊन गेला. पिशवीत मोज्यांचा आख्खा डबा. दुधाच्या पैशांवर वरून अजून काही आलं नव्हतं.

रखमाबाईंच्या शेजारणीची गाय विताना अडली होती. तीच ती, हळू बोलणारी.

"लवकर करा, बाई," ती म्हणाली.

वैदेहीनं मोजा हातात घेतला, पण चढवला नाही. आधी वाकून गाईची कास बघितली.

"किती महिने झाले?"

शेजारणीनं रखमाबाईंकडे बघितलं. रखमाबाई म्हणाल्या, "सांग खरं. परत येती ती."