एकवीस ते चाळीस

"पान उलटेपर्यंत वहीच बदलत असेल, तर पानाच्या नंबरावर भरवसा ठेवू नकोस," मास्तर म्हणाले होते. "शेवटचं नाव कुठलं दिलं ते लक्षात ठेव आणि त्याच्यापुढची नावं माग."

मी पर्स खांद्याला लावून उभी होते. सव्वापाच वाजले होते, पाळणाघर साडेपाचला बंद होतं आणि तिथल्या बाईंचा फोन येऊन गेला होता की माझ्या लेकीचं, चिमणीचं अंग पुन्हा कोमट लागतंय. मी म्हटलं, "मास्तर, माणसं नव्वद, पानं पाच. पळून जाणारेत का ती?"

ते हसले. आमच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळणारा हा साठीचा माणूस प्रत्येक गोष्ट शिकवल्यासारखी सांगतो, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणतात. सांगून झालं की दुसऱ्यांदा सांगत नाहीत, हा त्यांचा एक दोष.

आमचं ऑफिस एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करतं. रविवार सोडून. 'बरे आहात ना? औषध घेतलं?' एवढंच. कुणी उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा, तेव्हाही नाही तर शेजाऱ्याला, नाहीतर आमचा माणूस घरी जातो. फोन करणाऱ्या चौघीजणी आहेत, प्रत्येकीचा एक विभाग. त्यांच्या स्क्रीनवर जी यादी दिसते ती सर्व्हरवरून एका एपीआयमधून येते, म्हणजे स्क्रीन मागेल ती माहिती काढून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, आणि तो एपीआय माझ्याकडे. तो आधी सगळ्या विभागांची सगळी माणसं, जुन्या फोनांच्या नोंदींसकट, एकदम पाठवायचा. यादी उघडायला पाऊण मिनिट लागायचं. त्या चौघींतली सगळ्यात जुनी म्हणजे ताई. ती म्हणायची, "तुझी यादी येईपर्यंत माझी माणसं आणखी म्हातारी होतात गं."

तर साहेबांनी मला तीन गोष्टी करायला सांगितल्या. यादी वीस-वीसच्या पानांत द्यायची. ती नावाने किंवा शेवटच्या फोनच्या तारखेने लावता आली पाहिजे. आणि नावाने शोधता आलं पाहिजे. मी दोन आठवड्यांत केलं. आधी फक्त ताईच्या विभागावर चालवून बघायचं ठरलं. तिच्या विभागात नव्वद माणसं, आडनावांप्रमाणे लावलेली, आणि यादीत फक्त 'आज फोन व्हायचा बाकी' अशीच. फोन झाला की ताई खूण करणार आणि ते नाव यादीतून जाणार. तिला हवं होतं तसंच.

मी तपासलं. नीट तपासलं, असं मला तेव्हा वाटलं. पाचही पानं उलटली, मागे आले, पुढे गेले, नव्वद नावं मोजली. फक्त एक केलं नाही. पानं उलटताना फोन झाल्याची खूण एकदाही केली नाही. मला कुणाला फोन करायचाच नव्हता ना.

त्या नव्वदांत माझी आत्या होती.

तिचं नाव मीच घातलं होतं, चिमणी झाली तेव्हा. आत्या चाळीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासत आली, लग्न केलं नाही, आणि बाबा गेल्यावर माझ्या शिक्षणाकडे तिनेच बघितलं. बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. 'माझ्याकडे ये' म्हटलं की म्हणायची, "तुझ्या दोन खोल्यांत मला कुठे ठेवशील, फ्रिजवर?" पूर्वी मी तिला रोज फोन करायचे. मग ताईचा जायला लागला आणि माझा रविवारवर आला. आत्या टोमणा मारायची, "तुझ्यापेक्षा ती ताई बरी. आवाजावरून ओळखते मी जेवले की नाही ते." मला ते ऐकून हलकं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

नवी स्क्रीन सोमवारी सुरू झाली. गुरुवारी साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ताईची यादी रोज पाच वाजेपर्यंत पुरायची, ती आता तीनच्या आत संपत होती. ताईही खूश. "वाट बघण्यातच जात होता वेळ, दुसरं काय," म्हणाली. मीही मान डोलावली. पाऊण मिनिट वाचल्याने दोन तास कसे वाचतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्या आठवड्यात चिमणीला ताप चढत उतरत होता, मी रात्रभर तिच्या कपाळाला हात लावून बघत होते, तेव्हा दिवसा कौतुक झालं तर ते मुकाट्याने घेतलं. रविवारी आत्याला फोन करायचा राहिला. म्हटलं, उद्या ताई करेलच.

मंगळवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी ताईने विचारलं, "काय म्हणते आत्या? रुळली का तुझ्याकडे?"

"माझ्याकडे?"

"म्हणजे? नेली नाहीस तू? अगं, आठवडाभर तिचं नाव येत नाहीये. गुरुवारी मी शोधूनसुद्धा बघितलं. 'नोंद सापडली नाही' आलं. म्हटलं, भाची इथेच कामाला, घेऊन गेली असेल घरी, नाव काढलं असेल. इतकं बरं वाटलं मला!"

मी कप तिथेच ठेवला. आत्याचा फोन वाजत राहिला. तीनदा लावला. मग मी कुणाला काही न सांगता निघाले.

दाराला दोन पेपर अडकवलेले होते, सोमवारचा आणि मंगळवारचा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आम्ही गावाला गेलो होतो हो, आत्ताच येतोय." माझ्याकडे किल्ली होती, पण आतून कडी होती. कडी तोडायला वीस मिनिटं गेली. आत्या स्वयंपाकघरात ओट्याखाली होती, डाव्या कुशीवर. डोळे उघडे. मला बघून तिने काहीतरी म्हटलं, आणि ते शब्द नव्हते.

जिवंत आहे ती. हे सगळे मला सांगतात, जणू मला माहीत नाही. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं गेलं, फक्त एक 'हो' राहिलाय. पाणी हवं? हो. दुखतंय? हो. मी कोण, आत्या? हो. डॉक्टरांना मी विचारलं, सोमवारी सकाळी अकराला आणलं असतं तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." नवरा म्हणाला, "असं विचारायचं नसतं कुणाला." तो चांगला आहे म्हणून म्हणाला. ताईचा फोन आत्याला रोज अकराला जायचा.

आत्याला इस्पितळात पोचवून, नवऱ्याला तिथे बसवून त्याच दुपारी मी ऑफिसात परत आले. मास्तर माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. नुसता कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "तूच सांग."

मी सांगितलं. पहिल्या पानावर एक ते वीस. ताईने वीसही फोन केले, खुणा केल्या, वीस नावं यादीतून गेली. आता एकविसावा माणूस पहिला झाला. ताईने 'पुढे' दाबलं. माझा एपीआय दुसरं पान म्हणजे 'पहिली वीस सोडा, पुढची द्या' एवढंच जाणतो. त्याने सोडली एकवीस ते चाळीस आणि दिली एक्केचाळीस ते साठ. ती झाली, तीही गेली. तिसरं पान म्हणजे चाळीस सोडायची. एकवीस ते चाळीस पुन्हा सुटली, एकसष्ट ते ऐंशी सुटली, आणि ताईला मिळाली शेवटची दहा. पुढे काही नाही. यादी संपली. नव्वदांतली पन्नास. आणि आडनावांचा क्रम रोज तोच, म्हणून रोज तीच चाळीस माणसं. आत्या चौतिसावी.

"एकूण बाकी किती हे स्क्रीनवर होतं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. कुणी मागितलं नव्हतं. ताई समोर येतील ती नावं करत जाते, मोजत नाही; न दिसलेली तिला दुसऱ्या विभागात गेली असं वाटलं."

"आणि शोधताना का सापडली नाही?"

तेही बघितलं. ताई तिसऱ्या पानावर होती. तिने नाव टाकलं. स्क्रीनने नाव पाठवलं आणि पान तीनच ठेवलं. एपीआयला आत्या सापडली. एकच नोंद, पहिल्या पानावरची. पण मागितलं होतं तिसरं पान, म्हणजे चाळीस सोडून पुढचं. तिथे काय असणार? नवीन शोध सुरू झाला की पान एकवर आणायचं, ही एक ओळ मी लिहिली नव्हती.

मग मी शेवटच्या फोनच्या तारखेने यादी लावली, सगळ्यात जुनी वर. हा क्रमही मीच बनवला होता आणि आठ दिवसांत कुणीही वापरला नव्हता. चाळीसही वर आली, सगळ्यांची तारीख तीच, मागच्या मागचा शनिवार. "तारखा सारख्या आहेत, मागे नोंद क्रमांकाचा क्रम लाव, नाहीतर दर वेळी वेगळी उलथापालथ होईल," मास्तर म्हणाले. मी लावला. या वेळी ऐकलं.

चौघी आणि मी, पाचजणी मिळून फोन करत बसलो. सदतीस जणांनी उचलला. एक आजोबा ओरडले, "सात दिवस जिवंत की मेलो विचारलं नाहीत, आता बऱ्या आल्या गोड बोलायला!" एक आजी म्हणाल्या, "मला वाटलं, माझं काही चुकलं." ताई हे ऐकून उठून बाहेर गेली. एका घरी जावयाने उचलला. सासूबाई गेल्या, म्हणाला, दिवस कुठला ते नक्की माहीत नाही, शुक्रवारी कळलं.

आता एपीआय दुरुस्त आहे. पानाचा नंबर काढून टाकला. शेवटचं नाव आणि नोंद क्रमांक पाठवायचा, त्यापुढची वीस मिळतात, मधली कुणी गेली तरी कुणी सुटत नाही. बाकी किती ते वर मोठ्या आकड्यात दिसतं. साहेब म्हणाले, "चला, शिकलो आपण." मी रोज संध्याकाळी चिमणीला कडेवर घेऊन इस्पितळात जाते. ती आत्याच्या उशीवर थोपटते. मी विचारते, आत्या, ओळखलंस का हिला? हो. माझ्यावर रागावली आहेस का? हो. नाही ना? हो.

चाळिसांतली एक अजून राहिली आहे.

तिच्या फोनची बेल जाते, कुणी उचलत नाही. नोंदीतल्या पत्त्यावर आमचा माणूस जाऊन आला, ती इमारत दोन महिन्यांपूर्वी रिकामी केलीय आणि भाडेकरू कुठे कुठे पांगले ते कुणाला ठाऊक नाही. ताई म्हणते, पत्ता बदलल्याचं ती कधी बोलली नाही; सांगणार असेल. वय एकोणऐंशी. शिवणकाम करायची. नोंदीत ताईच्या हातचं एवढंच आहे: डाव्या कानाने ऐकू येत नाही, फोन बराच वेळ वाजू द्यावा, घाई केली की घाबरतात. पोलिसांना कळवलंय, त्यांनीही एका यादीत नाव घेतलंय.

तुमच्या जिन्यावर गेल्या दोन महिन्यांत एखादी एकटी म्हातारी राहायला आली असेल, शिलाई मशीन घेऊन, आणि या आठवड्यात तुम्ही तिला पाहिलं नसेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि जाऊन दार वाजवा. जोरात वाजवा. लगेच परत फिरू नका, तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो.