बाबांच्या आवाजावर दावा

एका ध्वनिमुद्रित स्तोत्रातले उच्चार चुकीचे होते, आणि दूधविनायक गल्लीतली मुलं तेच ऐकून पाठ करत होती. म्हणून मुकुलने तुकडे वाजवून चुका समजावणारा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तासाभरात संगीत कंपनीचा कॉपीराइटचा दावा आला आणि व्हिडिओ बंद. गाणारे मुकुलचेच बाबा, पण हक्क कंपनीचे.

"टीकेला कायद्यात सूट असते ना रे?" बाबा म्हणाले.

"असते. पण साइटचं यंत्र नुसता आवाज जुळवतं, हेतू बघत नाही. आणि हरकत घेतली तर आधी कंपनीच तपासणार."

मुकुलने तुकडे वगळून व्हिडिओ पुन्हा केला. पुन्हा दावा! चित्रीकरण चालू असताना मागे देवघरात बाबांनी पूजेला स्वतःचंच स्तोत्र लावलं होतं.

"पण मी चुकलो कुठे, ते दाखव की!"

"दाखवलं होतं, बाबा. तोच व्हिडिओ बंद आहे."

गल्लीत मुलं जोरात चुकत होती.