आधी सावडीचा बैल

मी गोजरबाई. पिंपळगाव राजाच्या शिवारात माहं तुकडाभर वावर अन् एकच बैल, पाखऱ्या. तन काढाचा डवरा एका बैलानं चालत नाही, म्हनून मी अन् कादर पिंजारी सावडीनं राहो. त्याचा हौश्या, माहा पाखऱ्या, अशी दोघांची मिळून जोडी. ज्याच्या वावरात काम, त्यानं दोन्ही बैलांले खाऊ घालाचं. अन् गाव डोये लावून बसे, दुसऱ्याचा बैल कोन कसा ठेवते म्हनून.

त्या सकाई मी डवरनीले कादरच्या वावरात गेली. रात्रभर पानी पडून गेलतं. पाह्यतो तं काय, दोन्ही बैल मुगात! त्या वर्षी मूग नुस्ता पाल्यानं माजला होता, शेंगेचा पत्ता नाही. लुसलुशीत पाला, त्यात वलाचिप्प.

"काऊन बे सोडले?" मी वरडली.

"कडबा सरला, मावशी. तुहा बैल उपाशी कसा जुपू? पह्यले त्यालेच सोडला, मंग हौश्याले."

माहं डोस्कंच फिरलं. "अरे मुडद्या, कापूस पिंजता पिंजता अक्कलही पिंजली काय तुही? उपाशी ढोर वल्ल्या मुगात सोडते कोनी? पह्यले सुकं खाऊ घालाव, मूठभर काड का असेना! दंव सुकू द्याव, मंग घडीभर चारून हाकलून आनाव. नवा पाला तं पह्यल्या दिशी चार घासच!"

कादरचं तोंड उतरलं. त्याच्या बापाच्या घरी धनुकली होती, ढोरं नव्हती. त्याले कोनं सांगतलं असंन हे?

आम्ही दोघायनं बैल हाकलून बाहेर काढले, पन उशीर झालता. पाखऱ्याची डावी कूस फुगून पाठीच्या वर आलती. टिचकी मारली तं ढोलकीवानी वाजली. रवंथ बंद. मागच्या पायानं पोटाले लाथा मारे, बसे अन् लगेच उठे. हौश्याचंही तेच. तोंड वासून, जीभ काढून धापा टाकून राह्यला होता. अशा वक्ती पोटात हिरव्याचा फेस होते अन् ढेकर अडकते. मंग फुगलेलं पोट छातीले दाबते, ढोराले श्वासच घेता येत नाही. खामगावले सरकारी ढोर-डाक्टर होता, पन नदीले पूर. आमच्यासाठी तो इलायतीत असल्यासारखाच.

"तेल आन! तेलानं फेस मोडते!" मी म्हनलं.

कादरची बायको अमीना गावाकडं तेलासाठी पयत सुटली. कादरच्या वावरातल्या खोपडीत जवसाच्या तेलाची एकच शिशी होती, बैलाच्या खांद्याले लावाची. एका बैलापुरतं तेल. अर्धं अर्धं केलं असतं तं दोघंही हातचे गेले असते.

कादरनं शिशी उचलली. माहा पाखऱ्या गेला तं माह्या वावरात तनच उगवनार होतं, मले दुसरं कोनी नव्हतं. कादर हौश्याजवळून निघून पाखऱ्याजवळ आला.

आम्ही पाखऱ्याचे पुढचे पाय धुऱ्याच्या उंच बांधावर चढवले. बांबूच्या नळ्यानं तेल हळूहळू पाजलं. जीभ धरली नाही, मुंडकंही जास्त वर केलं नाही, नाहीतं तेल फुफ्फुसात जाते. तोंडात आडवं निंबाचं दांडकं बांधलं, चघळता चघळता लाळ सुटावी म्हनून. कादर डावी कूस चोळत राह्यला. त्याचे डोये मात्र हौश्याकडं. त्याच्याही तोंडात दांडकं बांधलं होतं, पन तेलाबिगर त्याचं काय होनार?

पाखऱ्यानं मोठी ढेकर देल्ली. मंग आनखी एक. कूस उतरू लागली. तितक्यात हौश्या धपकन आडवा झाला.

कादर धावला. चाकू काढला अन् डाव्या कुशीच्या खड्ड्यात खुपसला. वारा निघाला असता तं बैल वाचला असता. निघाला हिरवा फेस, तोही बुडबुड करत, अन् भोक बुजलं. कादरनं बोट घालून पाह्यलं. हौश्यानं पाय ताठ केले.

अमीना तेलाचं भांडं घेऊन आली तवा कादर त्याचं मुंडकं मांडीवर घेऊन बसला होता. तिनं भांडं खाली ठेवलं अन् पदर तोंडात कोंबला.

मी जवळ गेली. माह्या तोंडच्या शिव्या मलेच टोचून राह्यल्या होत्या. "कादर, तेल तं तुहं होतं बाप्पा. हौश्याले काऊन नाही पाजलं?"

"तुहा बैल माह्या वावरात मेला असता," तो म्हने, "तं उद्या मले सावड कोनं देल्ली असती, मावशी?"

मंग त्यानं हौश्याच्या तोंडातलं दांडकं सोडलं.

"आता सावडीले बैलच नाही राह्यला," तो म्हने, अन् लेकरावानी रडू लागला.