वसूल न केलेला पास

धाकटीने भावोजींच्या लॅपटॉपचं झाकण असं धाडकन मिटलं, की भावोजींचं बोट चेंगरता चेंगरता वाचलं.

"अगं ए! बोटांवर पोट आहे माझं!" भावोजी किंचाळले. दातांचे डॉक्टर ते, त्यामुळे म्हणाले ते खोटं नव्हतं.

"मग माझ्या बहिणीच्या जिवावर का उठलाय?"

आता लॅपटॉपमध्ये असं काय होतं? तर स्कीच्या सहलीचा बेत. भावोजींनी स्वतः आखलेला. सलग सहा दिवस बर्फावर, सगळ्यांना आख्ख्या डोंगराचा लिफ्टचा पास, सेलमध्ये मिळतायत म्हणून ताईला नव्याकोऱ्या स्की विकत, आणि 'शिकवणी' असं लिहिलं होतं ना, त्याच्यापुढे एवढंच: 'मी आहे ना.'

हे 'मी आहे ना' मागच्या वर्षीही होतं. तेव्हा भावोजींनी काय केलं, तर पहिल्याच सकाळी ताईला लिफ्टमध्ये बसवून थेट वर नेलं. का, तर वरून नजारा भारी दिसतो आणि उतरताना आपोआप जमतं! पायात बूट कुणाचे? भावोजींच्या मित्राच्या बायकोचे, चांगले ढगळ, आत तीन-तीन मोजे कोंबलेले. ताई वर उभी राहिली, खाली बघितलं, आणि संपलं. घसरत, बसत, रडत, शेवटी स्की खांद्यावर टाकून कडेकडेने चालत ती खाली आली, आणि शेजारून चिल्लीपिल्ली सुईंसुईं करत निघून जात होती.

बरं, गोष्ट बर्फावर संपली असती तर धाकटीने एवढं मनावर घेतलं नसतं. पण ताई घरी आली ती एक वाक्य घेऊन आली. "मला नाही जमत." आधी ते स्कीबद्दल होतं. मग हायवेवर गाडी चालवण्याबद्दल झालं. मग लग्नात नाचण्याबद्दल. ही तीच ताई बरं का, जिने धाकटीला सायकल शिकवली, झाडावर चढवलं, आणि जी शाळेत गणिताच्या तासाला नुसती दारात उभी राहिली तरी आख्खा वर्ग चिडीचूप होतो! आणि या वर्षी ती सहलीला येणार होती ती हॉटेलात बसून जाडजूड कादंबरी वाचायला.

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. ते वाक्य तिला ताईच्या तोंडातून काढायचं होतं, बस.

"भावोजी, माझी दाढ दुखतेय. दाराला दोरा बांधून काढू का घरच्या घरी?"

"वेडी आहेस का?"

"का? मी आहे ना!"

भावोजींनी झाकण पुन्हा उघडलं. "अगं, पण मला येतं स्की उत्तम."

"येतंच. आणि शिकवता येत नाही." धाकटी पोहायला शिकवते, तेही मोठ्या माणसांना. तिच्या तलावावर एकच कडक नियम, काठावर नातेवाईक नकोत. नवरा काठावरून 'पाय मार, पाय मार' ओरडायला लागला की बाई बुडायलाच लागते. "आता माझा बेत ऐका. बर्फावर तीन दिवस, पुरे. नवशिक्याचे पाय सहा दिवस टिकत नाहीत. तिसऱ्या दुपारनंतर मांड्या पेटतात आणि दमलेला माणूसच पडून हाडं मोडतो. रोज सकाळी शिकवणीचा वर्ग, आमच्या दोघींचा, आत्ताच जागा धरायची. दुपारी जेवढं शिकलो तेवढंच घोटायचं. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने, तेही उताराच्या पायथ्याच्या दुकानातून, म्हणजे बूट टोचला की लगेच बदलून मिळतो. हातमोजे, गॉगल आणि मोजे तेवढे आपले. आणि पास नाहीच!"

"पासाशिवाय वर कशी जाणार?"

"वर जायचंच नाहीये. पायथ्याशी सरकता पट्टा असतो, शिकवणीत तो फुकट आहे, मी फोन करून विचारलंय. वर जायची वेळ आली तर त्या दिवसाचा पास त्या दिवशी घेऊ."

"अरे पण मला कुणी विचारणार आहे का?" दारात ताई उभी. हातात वह्यांचे गठ्ठे, कपाळाला आठी. दोघं एकदम गप्प, वर्गासारखेच.

"मला नाही जमत, माहितेय ना तुम्हाला," ताई म्हणाली. मग गठ्ठे टेबलावर ठेवता ठेवता, कुणाकडेही न बघता, "शिकवायला बाई मिळेल का?"

"मिळेल! मागून घेते!"

"एक सकाळ. नाही झालं तर मी आणि माझी कादंबरी."

झालं, ठरलं! पण भावोजी ते भावोजीच. हॉटेलात पोचल्या पोचल्या त्यांनी जादूगारासारखे खिशातून तीन कार्डं काढली. "सरप्राइज!" आख्ख्या डोंगराचे पास. तिघांना. तीनही दिवसांचे. परत न होणारे.

धाकटीला वाटलं, यांना बर्फात पुरावं. कारण तो पास म्हणजे ताईच्या खिशात बसलेले भावोजीच! आता दर तासाला म्हणणार, एवढा काढलाय, वसूल नको करायला?

ताईने कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "छान जाड आहे," असं म्हणून ते कादंबरीत खूण म्हणून घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या दुकानात ही गर्दी. काउंटरवरच्या मुलाने वजन, उंची, वय विचारलं. किती येतं तेही विचारलं. ताई कुजबुजायला लागली, तर भावोजी मध्येच, "वजन जरा कमीच सांग गं, आणि थोडंफार येतं म्हण, नाहीतर लहान मुलांच्या स्की देतील."

"द्या म्हणावं लहान मुलांच्या!" धाकटीने भर दुकानात ताईचं खरं वजन मोठ्याने सांगितलं, स्वतःचंही सांगितलं, आणि म्हणाली, "दोघी कोऱ्या पाट्या आहोत. काहीही येत नाही. भावोजी, अहो, या आकड्यांवरूनच स्कीवरची पकड किती घट्ट ठेवायची ते ठरतं. खोटं सांगितलं, तर पडल्यावर बूट सुटायला हवा तेव्हा सुटणार नाही, किंवा नको तेव्हा सुटेल."

ताई लाल झाली होती. पण मग तिने बूट घातला, पातळसा एकच मोजा, आणि उभी राहिली. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली, गुडघे वाकवल्यावर मागे आली. टाच जागची हलेना. ती दोनदा वाकली, तीनदा वाकली. मग हळूच म्हणाली, "अगं, मागच्या वर्षी माझा पाय आतल्या आत पोहत होता."

"हो ना?"

"मी वळायला जायचे आणि बूट तिथेच राहायचा." ताईने मान वर करून नवऱ्याकडे असं बघितलं, की भावोजी हेल्मेटं बघायला गेले.

शिकवणारी बाई बुटकी, खणखणीत आवाजाची. तिने काठ्या दिल्याच नाहीत. आधी एकाच पायात स्की, नुसतं चालायचं. मग पडायचं, मुद्दाम, कुशीवर, आणि उठायचं. मग पुढची टोकं जवळ, टाचा लांब, अशी पाचर करून थांबायचं. ताई पडली. धाकटी तर इतकी पडली, इतकी पडली, की ताईला हसू आवरेना. आणि हसता हसता ताई पाचर करून थांबली. थांबली! स्वतःच्या पायांनी! तिने खाली वाकून स्कीकडे बघितलं, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर ताई म्हणाली, "कादंबरी संध्याकाळी वाचते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र भावोजी वरून आले ते झगमगतच. "आता तर थांबता येतंय तुला! चल, एकच लिफ्ट. पास पडून आहे, दोन दिवस वाया गेले!"

धाकटी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने हात आडवा केला.

"वळता येत नाही मला अजून डावीकडे. उजवीकडे येतं. डोंगरावर नुसत्या उजवीकडे वळून कुठे जाणार मी?"

"मी धरेन ना!"

"अहो, तुम्ही गेल्या वर्षी धरलं होतं." ताईने हातमोजा ओढून घट्ट बसवला. "पास वाया गेला तर जाऊ दे. मी त्या पासासाठी आलेले नाही. पट्टा बंद व्हायला अजून तास आहे, सरका."

आणि गेली पट्ट्यावर उभी राहायला, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या मागे रांगेत, ताठ. धाकटीला कळेना हसावं का शिट्टी मारावी. तिने शिट्टी मारली. मग तीही पट्ट्यावर, आणि मग दोघी पट्टा थांबेपर्यंत डावीकडे, डावीकडे, डावीकडे.

तिसऱ्या सकाळी बाईंनी दोघींना सलग चार वळणं घ्यायला लावली, बघितलं, आणि डोंगराच्या बुटक्या लिफ्टकडे बोट केलं. "चला. सगळ्यात सोपी उतरण. मी पुढे, तुम्ही माझ्या मागे."

ताई पळत, म्हणजे त्या जड बुटांत जेवढं पळता येतं तेवढं पळत, हॉटेलात गेली. कादंबरीतून कार्ड काढलं आणि पानाचा कोपरा दुमडून आली. शाळेत असं पान दुमडलं तर ती पोरांना बाहेर उभं करते!

लिफ्टच्या पाळण्यात तिने दांडा दोन्ही हातांनी आवळून धरलेला. वर दांडा उचलला, स्कीची टोकं वर, उभं राहायचं आणि सरकायचं, अशा तिघी उतरल्या. आणि पुन्हा तेच, ताई उताराच्या कडेला उभी, खाली पांढरं. धाकटीला तिचा श्वास ऐकू येत होता. तोंडातून ते वाक्य आता निघणार, आता निघणार.

तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज. भावोजी! मोबाईल वर धरलेला. "गुडघे वाकव! वजन पुढे! घाबरू नको! मी आहे ना!"

ताईची मान वर आली. आणि मग तो आवाज निघाला, शाळेतला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा, "अहो! गप्प! बसा!"

आख्खा उतार थांबला. खरंच, एक अनोळखी माणूससुद्धा जागच्या जागी पाचर करून थांबला. भावोजींनी मोबाईल खिशात घातला.

ताई निघाली. हळू. बैलगाडी बरी इतकी हळू. उजवीकडे, मग डावीकडे, डावीकडे थोडी डगमगली, सावरली, भावोजींच्या अगदी जवळून त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता गेली, आणि पायथ्याशी थांबली, आणि मागे वळून धाकटीला ओरडली, "काय करतेयस वर? ये की!"

दुपारपर्यंत दोघी पुन्हा पुन्हा गेल्या. मग पाय थरथरायला लागले, तशी ताईने स्वतःच स्की काढून परत केल्या.

"बघ, आता कुठे जमायला लागलं आणि निघायचं," भावोजी म्हणाले. "म्हणून म्हणत होतो, सहा दिवस! आणि पास तर अर्धासुद्धा वसूल नाही झाला."

"पाय संपलेत, हौस नाही," ताई म्हणाली. "हौस शिल्लक आहे तोवर घरी जायचं." तिने कार्ड पुन्हा कादंबरीत घातलं, दुमडलेलं पान सरळ केलं, आणि गाडीशी आल्यावर भावोजींपुढे तळहात पसरला.

"काय?"

"किल्ली. हायवे मी चालवणार."

भावोजींनी धाकटीकडे बघितलं. धाकटी मागच्या सीटवर बसून पट्टा लावत होती. "माझ्याकडे काय बघताय? काठावर नातेवाईक नकोत. मागे या, आणि बोलू नका."

भावोजी मागे आले. ताईने आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, आणि गाडीचं पहिलंच वळण घेतलं, डावीकडे.