फाइल गेली नाही

"पप्पा, सबमिटचं बटन ग्रे झालं," ईशा म्हणाली.

रजतनं हातातली मेणाची पट्टी खाली ठेवली. मल्हारगंजातल्या अरुंद गल्लीत पहिल्या मजल्यावर त्याचं कवळ्या तयार करण्याचं छोटं वर्कशॉप होतं. शहरातले तीन-चार डेंटिस्ट त्याच्याकडे काम पाठवत. वर्कशॉपमध्ये वाय-फाय होतं म्हणून सातवीतली ईशा शनिवारी ट्यूशननंतर इथेच येऊन बसायची.

"ग्रे म्हणजे?"

"म्हणजे बंद. सहा वाजेपर्यंतच होतं."

विज्ञानाचा प्रोजेक्ट होता, 'आपल्या घरी पाणी कुठून येतं' असा. बारा पानं, हातानं काढलेली चित्रं, रंगीत. ईशानं प्रत्येक पानाचा फोटो काढून त्यांची एक पीडीएफ केली होती. शाळेच्या ॲपवर पाच एमबीच्या आतलीच फाइल चालायची आणि तिची झाली होती एक्केचाळीस एमबीची. ॲप ते आधी सांगत नव्हतं. निळी रेघ सरकत सरकत शेवटपर्यंत जायची आणि मग लाल अक्षरं यायची, फाइल मोठी आहे. एका वेबसाइटवरून तिनं ती लहान केली, तर पाचाहून जरा जास्तच भरली. आणखी लहान केली, तर अक्षरंच वाचता येईनात. तेवढ्यात सहा वाजून गेले.

"इंटर्नलचे दहा मार्क आहेत यात," ईशा म्हणाली. ती रडत नव्हती, पण कंपासपेटीचं झाकण सारखं उघडत-मिटत होती.

"मॅडमना सांगू. त्या परत उघडून देतील ना?"

"देतात. एकेका मुलासाठी पण उघडता येतं त्यांना. पण स्टुडंट लॉगिनवरून मेसेज जात नाही. पॅरेंट लॉगिनवरून लिहावं लागतं."

रजतनं स्वतःच्या फोनवर ॲप उतरवून घेतलं. ईशाचा ॲडमिशन नंबर टाकला. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं आलं. खाली नंबराचे फक्त शेवटचे दोन आकडे दिसत होते. ते त्याच्या नंबराचे नव्हते. ॲडमिशनच्या वेळी सगळं कस्तुरीनं भरलं होतं.

कस्तुरी, ईशाची आई, दोन वर्षांपासून वडोदऱ्याला नोकरी करत होती. घटस्फोट झाला नव्हता, आणि ती परत येईल असंही आता कोणी म्हणत नव्हतं. सुट्टीत ईशा तिकडे जायची. तिकिटं, तारखा, ताप, चष्म्याचा नंबर, सगळं दोघं ईशामार्फतच एकमेकांना कळवायचे.

"मी लावू मम्मीला?"

"नको," रजत म्हणाला. थोडा वेळ त्यानं फोन नुसता हातात धरला. "मी लावतो."

कस्तुरीनं लगेच उचलला. "काय झालं? ईशा कुठे आहे?"

"इथेच आहे, माझ्यासमोर. ठीक आहे. तिची फाइल अपलोड होत नाहीये शाळेची. मॅडमना लिहायचंय, तर तुझ्याकडे ओटीपी आला असेल."

"हो, आलाय. मी म्हटलं, कोण टाकतंय." ती थांबली. "पाण्याचा प्रोजेक्ट ना? काल रात्रीपर्यंत चित्रं काढत होती."

"तुला माहितीये?"

"बोलली ती मला."

तिनं आकडे सांगितले, रजतनं टाकले. तोवर ओटीपीची वेळ संपली होती. त्यानं दुसरा मागवला. या वेळी तिनं आधी आकडे वाचून दाखवले आणि मग बोलली. लॉगिन व्हायच्या आधी स्क्रीनवर एक चौकट आली. रजतनं ती मोठ्यानं वाचली.

"हे खातं दुसऱ्या फोनवर चालू आहे. पुढे गेल्यास तिथून लॉगआउट होईल." तो थांबला. "तुझ्याकडे चालू आहे का हे?"

"हो."

"वापरतेस?"

"कधीकधी बघते. तू दाब ना, टाइम जाईल."

त्यानं दाबलं.

मेसेजच्या रकान्यात त्यानं इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. दोन वेळा खोडलं. फोन स्पीकरवर होता.

"काय लिहितोयस?" कस्तुरीनं विचारलं.

"लाइट गेली होती, म्हणून..."

"लाइट गेली असं नको लिहू. निम्मे पालक तेच लिहितात, मॅडमनीच पीटीएमला सांगितलं होतं, मी ऑनलाइन असते ना. जे झालं ते सरळ लिही. आणि शुभदा मॅडम मराठीच आहेत, मराठीत लिहिलं तर चालेल."

रजत एकाही पीटीएमला, म्हणजे पालकसभेला, गेला नव्हता. ते शनिवारी सकाळी असायचे आणि शनिवारी डेंटिस्टांचं काम न्यायला माणूस यायचा. त्यानं मराठीत लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"शुभदा मॅडम, नमस्कार. ईशा पागनीस, सातवी ब. तिचा विज्ञानाचा प्रोजेक्ट पूर्ण झाला आहे. स्कॅन केलेली फाइल एक्केचाळीस एमबीची झाल्यामुळे अपलोड झाली नाही. लहान करेपर्यंत वेळ संपली. लाल अक्षरांतल्या सूचनेचा फोटो सोबत जोडला आहे. कृपया एक दिवस वाढवून द्यावा. चूक आमची आहे, आम्ही आधी एकदा पाठवून बघायला हवं होतं."

"ठीक आहे," कस्तुरी म्हणाली. "पाठव."

मेसेज गेला. त्याच्याखाली ॲपनं आपणहून नाव टाकलं, कस्तुरी पागनीस, आई.

फोन ठेवल्यावर ईशा म्हणाली, "कधीकधी नाही बघत ती. रोज बघते. सकाळी हजेरी लागली की मला हार्ट पाठवते. टेस्टचे मार्क माझ्याआधी तिलाच कळतात." आणि मग, "आता तिला दिसणार नाही ना?"

"परत लॉगिन केलं की दिसेल. ओटीपी तिलाच येतो."

"मग तुझं जाईल."

"हो."

रजतनं पुन्हा ॲप उघडलं. प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर बदलण्याची सोय होती. जुन्या नंबरावर ओटीपी, मग नवा नंबर, मग शाळेच्या ऑफिसची मंजुरी. त्यानं ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग मागे येऊन लॉगआउट दाबलं आणि कस्तुरीला मेसेज केला. 'मी बाहेर आलोय. तू कर लॉगिन. मॅडमचं उत्तर तुझ्याकडेच येईल.'

बापलेक शटर ओढून घरी गेले.

रविवारी सकाळी ईशानं सगळी पानं नव्यानं स्कॅन केली. या वेळी फोटो न काढता स्कॅनरच्या ॲपमधून, मध्यम क्वालिटीत. फाइल साडेतीन एमबीची झाली आणि अक्षरंही स्वच्छ वाचता येत होती. पण बटन अजून ग्रेच होतं.

दुपारी ती वर्कशॉपमध्ये त्याच्यासोबत बसली होती. सोमवारी एका आजींची वरची कवळी द्यायची होती, म्हणून रजत रविवारी आला होता. ईशाच्या टॅबवर बटन निळं झालं. तिनं फाइल लावली, रेघ शेवटपर्यंत गेली आणि हिरव्या अक्षरांत 'सबमिटेड' आलं. टॅब बाजूला ठेवून ती समोसे आणायला खाली गेली.

तेवढ्यात रजतचा फोन वाजला. कस्तुरीकडून शुभदा मॅडमच्या उत्तराचा स्क्रीनशॉट होता.

'कस्तुरीताई, उद्या दुपारपर्यंत उघडून दिलं आहे. खरं कारण लिहिलंत, बरं वाटलं. ईशाला घेऊन घरी तुम्ही दोघं बसता हे तिच्या कामात दिसतं. पुढच्या पीटीएमला भेटू.'

रजतनं ते दोनदा वाचलं. बोटांना प्लास्टरची भुकटी लागली होती, स्क्रीन ती बोटं घेत नव्हती. त्यानं ॲप्रनला हात पुसले आणि लिहिलं, 'फाइल गेली. साडेतीन एमबी.'

जरा वेळानं आलं, 'छान झालं.'

काहीतरी आणखी लिहावं म्हणून तो थांबला. जिन्यावर ईशाची पावलं वाजली.

"कोणाचा मेसेज?" तिनं कागदाची पुडी ठेवत विचारलं.

"शाळेचा," रजत म्हणाला. फोन पालथा घालून त्यानं दिवा जवळ ओढला आणि कवळीतला पुढचा दात कानशीनं हळूहळू घासायला घेतला.