न घेतलेली उचल

तारापूरच्या रासायनिक कारखान्यात नलूला लॅबमध्ये नोकरी मिळाली होती, फक्त सही उरली होती. पर्सोनेल ऑफिसर करंबेळकरांनी बॉन्डचा कागद पुढे सरकवला.

"आधी एक विचारू, साहेब? तीन वर्षांच्या आत सोडलं तर बारा हजार भरायचे, असं हाय. माझे बाबा बोटीवर खलाशी. खलाशी हंगामाआधी मालकाची उचल घेतो, मधेच उतरला तर ती फेडतो. मी तर उचल घेतलीच नाय. मग फेडायचं काय?"

साहेब मनापासून हसले. "गोड आहेस गं! तो प्रशिक्षणाचा खर्च. पहिल्या महिन्यात सोड, नाहीतर शेवटच्या, बारा हजारच. तू नाही भरलेस तर जामीन म्हणून वडिलांकडून वसूल."

"आणि कंपनीनंच काढलं तर?"

"मग काही नाही."

नलूचा चेहरा सकाळच्या खाडीसारखा उजळला. "समजलं. करते सही."

साहेबांनी तिच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं. "आत यायच्या आधीच जी बाहेर पडायचं दार विचारते, तिला आम्ही घेत नाही, बाळ." त्यांनी नेमणूकपत्र फाडलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

फाटकाशी तिचा बाप नामदेव धुतलेला सदरा घालून उभा होता. विचारल्याशिवाय सही करू नको, असं त्यानंच तिला बजावलं होतं.

"इचारलंस?"

"इचारलं, बाबा."

"सायबानं नीट सांगितलं?"

"सगळं सांगितलं."

"मंग! मानूस चांगला हाय," म्हणत नामदेव साहेबासाठी आणलेले सुके बोंबील घेऊन आत निघाला.